पोलिओ लसीकरण: तोंडी थेंब, इंजेक्शन आणि जादा डोस (गोवा)

पोलिओचा विषाणू तोंडावाटे पोटात जातो, घशात आणि आतड्यात वाढतो आणि शौचावाटे बाहेर पडतो. बहुतेक मुलांत प्रकरण तिथेच मिटते. थोडा ताप येतो, किंवा तोही येत नाही. लागण झालेल्या साधारण २०० मुलांपैकी एकात विषाणू रक्तातून मज्जारज्जूपर्यंत पोचतो आणि हात किंवा पाय कायमचा लुळा पडतो. उरलेल्या १९९ मुलांना काही झालेले दिसत नाही, पण त्यांच्या शौचातून विषाणू कित्येक आठवडे बाहेर पडत राहतो. म्हणून त्याला दोन ठिकाणी अडवावे लागते. आतड्यात अडवला तर तो पसरत नाही, रक्तात अडवला तर मूल लुळे होत नाही. थेंब आणि इंजेक्शन यांतला खरा फरक या दोन जागांचा आहे.

तोंडी लसीत जिवंत, पण दुबळा केलेला विषाणू असतो. दोन थेंब जिभेवर पडले की तो आतड्यात जाऊन वाढतो आणि तिथल्या अस्तरालाच प्रतिकार शिकवतो. पुढे खरा विषाणू आला तर त्याला वाढायला जागा मिळत नाही. इंजेक्शनमधला विषाणू मारलेला असतो. तो आतड्याच्या वाटेने जातच नाही, त्यामुळे रक्तात भरपूर प्रतिपिंडे तयार झाली तरी आतड्याचे अस्तर जवळजवळ कोरेच राहते. ज्या मुलाला फक्त इंजेक्शने मिळाली आहेत, त्याचे पाय सुरक्षित असतात. विषाणू मात्र त्याच्या पोटात वाढू शकतो आणि त्याच्याकडून शेजारच्या मुलाकडे जाऊ शकतो.

हे नुसते पुस्तकी नाही, इस्रायलमध्ये ते मोठ्या प्रमाणावर दिसले. त्या देशाने २००५ साली थेंब बंद करून फक्त इंजेक्शन ठेवले होते आणि बहुतेक सर्व मुलांना ते मिळतही होते. २०१३ मध्ये दक्षिणेकडच्या सांडपाण्यात पोलिओचा जंगली, म्हणजे लसीतून न आलेला मूळ विषाणू सापडला आणि पुढे महिनोन्‌महिने सापडत राहिला. एकही मूल लुळे पडले नाही, म्हणजे इंजेक्शनने आपले काम चोख केले होते. पण निरोगी दिसणाऱ्या, इंजेक्शने पूर्ण झालेल्या मुलांच्या आतड्यांतून विषाणू फिरत होता. ऑगस्ट २०१३ पासून दहा वर्षांखालच्या मुलांना पुन्हा थेंब पाजण्यात आले आणि २०१४ मध्ये सांडपाण्याचे नमुने स्वच्छ येऊ लागले.

गोव्यात हा मुद्दा घरगुती पातळीवर येतो. पणजी, मडगाव, फोंडा येथील पुष्कळ पालक बाळाला खासगी बालरोगतज्ज्ञाकडे नेतात. तिथे पोलिओचे पूर्ण मात्रेचे इंजेक्शन मिळते, बहुधा सहा रोगांच्या एकत्र लसीतून. मग पल्स पोलिओच्या रविवारी बूथवरची ताई दोन थेंब देऊ लागली की आजी तिला अडवते. ‘‘अगे बाय, ह्याचे सगळे डोस झालेत, डॉक्टरांनी वहीत लिहून दिलेय. परत कशाला?’’ आजीचे म्हणणे चुकीचे नाही. तिच्या नातवाचे पाय त्या इंजेक्शनांनी राखलेलेच आहेत. त्या रविवारचे थेंब त्याच्या आतड्यासाठी असतात, आणि पर्यायाने वाड्यावरच्या इतर मुलांसाठीही.

उलट प्रश्नही येतो: थेंबच आतड्याला पुरतात, तर इंजेक्शन कशाला? याचे उत्तर एप्रिल २०१६ मध्ये आहे. पोलिओ विषाणूचे तीन प्रकार. दुसऱ्या प्रकाराचा जंगली विषाणू जगात शेवटचा दिसला तो १९९९ साली, अलीगढला. त्यानंतर थेंबांत हा प्रकार ठेवण्यात फायदा उरला नव्हता, धोका मात्र होता. जिथे लसीकरण अपुरे असते तिथे लसीतला दुबळा विषाणू मुलामुलांतून फिरता फिरता बदलतो आणि पुन्हा लुळेपण आणू शकतो. अशा उद्रेकांत दुसऱ्या प्रकाराचा वाटा सर्वांत मोठा होता. म्हणून २५ एप्रिल २०१६ रोजी भारताने तीन प्रकारांचे थेंब थांबवून पहिल्या व तिसऱ्या प्रकारांचे थेंब सुरू केले. त्या दिवसानंतर जन्मलेल्या मुलाला दुसऱ्या प्रकारापासून संरक्षण मिळते ते केवळ इंजेक्शनमधून. थेंबांवर थेंब घेतले तरी ती उणीव भरून निघत नाही.

सरकारी वेळापत्रकात म्हणूनच दोन्ही लसी आहेत. जन्मल्यावर पंधरा दिवसांच्या आत ‘शून्य डोस’, मग ६, १० आणि १४ आठवड्यांना थेंब आणि १६ ते २४ महिन्यांत बूस्टर. इंजेक्शन ६ आठवडे, १४ आठवडे आणि ९ महिने या वयांत. तिसरा डोस २०२३ पासून आला. हे सरकारी इंजेक्शन पूर्ण मात्रेच्या पाचव्या हिश्शाचे, म्हणजे ०.१ मिली असते आणि दंडाच्या कातडीत वरच्या वर देतात. जगभर लसीचा तुटवडा असताना ही रीत स्वीकारली गेली. मात्रा कमी म्हणून परिणाम कमी, असा समज पालकांत आहे, तो खरा नाही. कातडीत प्रतिकारपेशी दाट असतात, आणि असे दोन छोटे डोस एका पूर्ण डोसापेक्षा चांगला प्रतिसाद देतात. टोचल्यावर त्या जागी वाटाण्याएवढा फिकट फुगवटा दिसायला हवा. तो उठला नाही तर औषध कातडीखाली खोल गेले असे समजावे.

आता जादा डोसांकडे. थेंबांच्या बाबतीत ‘डोस दिला’ आणि ‘डोस लागला’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बहुतेक गैरसमज इथेच जन्मतो. लसीतला विषाणू आतड्यात रुजला तरच प्रतिकार येतो. त्या वेळी आतड्यात दुसरे विषाणू असले, जुलाब असले, किंवा लसीतल्याच एका प्रकाराने दुसऱ्याला मागे सारले, तर थेंब नुसते वाहून जातात. थंड, श्रीमंत देशांत तीन डोसांत जवळजवळ सर्व मुले सुरक्षित होतात. आपल्याकडे तसे होत नाही, हे वेल्लोरच्या डॉ. टी. जेकब जॉन यांनी १९७० च्या दशकातच दाखवून दिले होते. पुढे जुन्या तीन प्रकारांच्या थेंबांचा हिशेब मांडला गेला तेव्हा पहिल्या प्रकाराविरुद्ध एका डोसाची परिणामकारकता देशाच्या बऱ्याच भागांत सुमारे २१ टक्के आणि उत्तर प्रदेशात फक्त ९ टक्के निघाली.

२१ टक्क्यांचा अर्थ करून पाहू. शंभर मुलांना पहिला डोस दिला, ७९ कोरी राहिली. दुसऱ्यानंतर ६२, तिसऱ्यानंतर ४९. म्हणजे कार्डावर तीनही खुणा झालेल्या मुलांतले जवळजवळ निम्मे अजून उघडेच. सातव्या डोसानंतर १९ उरतात आणि दहाव्यानंतर साधारण ९. हाच हिशेब ९ टक्क्यांनी केला तर दहा डोसांनंतरही ३९ मुले कोरी. आजचे दोन प्रकारांचे थेंब जुन्यांपेक्षा चांगले लागतात, कारण मागे सारणारा दुसरा प्रकार त्यांत नाही. तरी तत्त्व तेच राहते. कोणत्या मुलाला कोणता डोस लागला हे बाहेरून कळत नाही, म्हणून सर्वांनाच पुन्हा संधी दिली जाते. ज्याला आधीच लागला आहे त्याच्या आतड्यात नव्या थेंबांतला विषाणू फार वाढूच शकत नाही. जादा डोसाचे ओझे शरीरावर पडत नाही ते याचमुळे. लसीतूनच लुळेपण येण्याचा अत्यंत दुर्मीळ धोका, साधारण २७ लाख डोसांमागे एक, मुख्यतः पहिल्या डोसाशी निगडित आहे, दहाव्याशी नव्हे. अपवाद जन्मजात प्रतिकारशक्ती नसलेल्या मुलांचा. त्यांना थेंब देत नाहीत, इंजेक्शन देतात.

पल्स पोलिओला आणखी एक कारण आहे. नेहमीच्या वेळापत्रकात प्रत्येक मूल आपापल्या वयाप्रमाणे केंद्रावर येते. मोहिमेत मात्र पाच वर्षांखालच्या सर्वांना एकाच वेळी डोस मिळतो, त्यामुळे विषाणूला एका आतड्यातून दुसऱ्यात जायची वाट एकदमच बंद होते. १९९५ मध्ये देशभर सुरू झालेल्या या पद्धतीनेच भारतातली साखळी तुटली. जंगली पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त ठरला. पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात पहिला प्रकार अजून टिकून आहे.

गोवा छोटा आहे, पण वाहता आहे. बांधकामाच्या जागा, मुरगाव बंदर, मच्छीमारी जेट्टी, किनाऱ्यावरचे शॅक या सगळ्यांवर परराज्यांतली कुटुंबे हंगामानुसार येतात आणि जातात. त्यांतल्या एका मुलाचे उदाहरण घेऊ. बाळ उत्तर प्रदेशातल्या गावी जन्मले, शून्य डोस तिथे मिळाला, दहाव्या आठवड्याचा प्रवासात हुकला आणि कार्ड गावीच राहिले. वास्कोला आल्यावर आई सांगते, ‘‘दोन-तीन वेळा दिलेत.’’ तिच्या सांगण्यावरून हिशेब जुळत नाही आणि वरचे गणित पाहता जुळवून फारसा उपयोगही नाही. आरोग्यसेविका त्याला थेंब पाजते, डाव्या करंगळीच्या नखावर शाईची खूण करते आणि राहिलेल्या इंजेक्शनासाठी केंद्राची तारीख लिहून देते. करंगळीची खूण त्या फेरीपुरतीच असते, पूर्वीचे किती डोस झाले ते ती सांगत नाही. कदंब बसस्थानक, रेल्वे स्थानक, फेरीचा धक्का येथे पथके उभी राहतात ती अशाच मुलांसाठी, आणि माझ्या मते मोहिमेतले सर्वांत मोलाचे काम तेच आहे.

थेंब घेतलेल्या मुलाला नंतर इंजेक्शन दिले तर आतड्यातला जुना प्रतिकारही पुन्हा जागा होतो, असे वेल्लोर आणि मुरादाबाद येथील अभ्यासांत दिसले. या मुलांना परीक्षेसाठी पुन्हा थेंब दिले तेव्हा त्यांच्या शौचातून लसीचा विषाणू कमी बाहेर पडला. ज्या आतड्याने थेंब कधी पाहिलेच नाहीत, त्यात मात्र इंजेक्शनने जागे होण्यासारखे काही नसते. दोन्ही लसी एकाच मुलाला देण्यामागचा हा आणखी एक आधार.

दोन्ही लसी बिघडतात त्या वेगवेगळ्या कारणांनी. थेंबांचा वैरी उकाडा. कुपीवरच्या जांभळट वर्तुळात एक चौकोन असतो. तो वर्तुळापेक्षा फिका असेपर्यंत लस चांगली, दोन्ही सारख्याच रंगाचे झाले किंवा चौकोन गडद झाला की कुपी बाद. ही खूण पाहायला मागण्याचा पालकांना पूर्ण हक्क आहे. इंजेक्शनची लस थंडीत राहायलाच हवी, पण गोठली की निकामी होते. काही लसींच्या बाबतीत कुपी हलवून ती गोठली होती का ते ओळखता येते, या लसीला ती चाचणी लागू पडत नाही. म्हणून गोठल्याची शंका आलेली कुपी टाकूनच देतात.