पाणी घरात आल्यावर बिघडते, हे कसे कळले

पावसाळ्याच्या तोंडावर वस्तीतल्या बैठकीत जुलाबांबद्दल बोलायला जो उभा राहतो, तो दोन गोष्टी हमखास सांगतो. पिण्याच्या पाण्यात हात बुडवू नका आणि साबणाने हात धुवा. समोर बसलेल्यांना दोन्ही गोष्टी शाळेपासून ऐकलेल्या वाटतात. पण यातले पहिले वाक्य पुराव्यानिशी सांगता यायला 1986 साल उजाडावे लागले.

तोवर सगळा संशय पाणी येते कुठून, यावरच होता. 1854 साली लंडनमध्ये जॉन स्नो कॉलऱ्याचा माग काढत ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपापाशी पोहोचले. 1884 मध्ये रॉबर्ट कॉख यांना कोलकात्यातल्या एका तळ्यात कॉलऱ्याचे जंतू सापडले. रुग्णांचे कपडे त्याच तळ्यात धुतले जात होते. त्यामुळे विहिरी, नळ आणि शुद्धीकरण केंद्रे यांवर भर आला आणि तो योग्यच होता. पण नळाचे पाणी हंड्यात पडल्यावर पुढे त्याचे काय होते, हा प्रश्न मागे पडला.

तो प्रश्न कोलकात्याच्या झोपडपट्ट्यांत नीट विचारला गेला. संशोधकांनी कॉलऱ्याचे रुग्ण असलेली घरे निवडली. काही घरांना पाणी साठवायला सुरई दिली, म्हणजे अरुंद गळ्याचे मातीचे भांडे. काही घरांतल्या साठवलेल्या पाण्यात क्लोरीन घातले. उरलेल्या घरांत नेहमीचीच रीत चालू ठेवली. मग रुग्णाच्या घरातल्या बाकीच्यांना लागण होते का, ते तपासले. नेहमीच्या रीतीच्या घरांत 17.3 टक्के जणांना लागण झाली. क्लोरीनच्या घरांत हे प्रमाण 7.3 टक्के होते, तर सुरईच्या घरांत अवघे 4.4 टक्के.

हे आकडे 1986 मध्ये प्रसिद्ध झाले. मला त्यातली सुरईची गोष्ट विलक्षण वाटते, कारण सुरई पाणी शुद्ध करत नाही. तिच्या गळ्यातून हात आत जात नाही, ओतूनच पाणी घ्यावे लागते. तिचे काम एवढेच. आणि तेवढ्याने एवढा फरक पडतो, कारण त्या काळी पसरलेल्या एल्टॉर जातीच्या कॉलऱ्यात जंतू पोटात असूनही पुष्कळांना काहीच त्रास होत नाही. असा धडधाकट माणूस शौचाहून येतो, पातेल्यात पेला बुडवतो, त्याची बोटे पाण्याला लागतात आणि तेच पाणी दिवसभर सगळे घर पिते.

हातांची बाजू जवळपास त्याच सुमारास ढाक्यात पुढे आली. शिगेला जंतूमुळे रक्ताची हगवण झालेल्या रुग्णांच्या घरांत साबण आणि पाणी साठवायला मातीच्या घागरी देऊन पाहिल्या. हा अभ्यास 1982 मध्ये छापून आला. साबण आणि घागरी मिळालेल्या घरांत इतरांना होणारी लागण, काहीच न मिळालेल्या घरांच्या मानाने सुमारे एक तृतीयांशावर आली. हा जंतू अगदी थोड्या संख्येनेही आजार लावतो, म्हणून नुसत्या पाण्याने हात खळबळून भागत नाही. साबणाच्या फेसाने आणि चोळण्याने बोटांच्या बेचक्यांतला, नखांखालचा मळ सुटतो आणि वाहत्या पाण्याबरोबर जातो. माझ्या मते भाषणात हात आणि भांडे हे दोन वेगळे विषय करूच नयेत. घाण हातावरून भांड्यात जाते, भांड्यातून पोटात.

1991 मध्ये दक्षिण अमेरिकेत, पेरूपासून, कॉलऱ्याची मोठी साथ पसरली. त्यानंतर हाच विचार प्लॅस्टिकच्या भांड्यात उतरला: तोंड अरुंद, वर घट्ट झाकण, खाली तोटी आणि आतल्या पाण्यात क्लोरीन. क्लोरीन जोडीला हवेच, कारण सुरईची मर्यादा इथेच आहे. मुळात दूषित असलेले पाणी ती निर्धोक करू शकत नाही, आणि पावसाळ्यात सांडपाणी विहिरीत किंवा फुटक्या नळात शिरते तेव्हा पाणी घरात येण्याआधीच बिघडलेले असते. शिवाय पाणी गढूळ असेल तर त्यातला मळच क्लोरीन खाऊन टाकतो. म्हणून ते आधी निवळू द्यायचे, वरचे पाणी स्वच्छ कापडाने गाळायचे, क्लोरीन घालायचे आणि अर्धा तास थांबायचे. उकळणेही चांगले, पण उकळलेल्या पाण्यात पुढे राखण करणारे काही उरत नाही. ते उघड्या पातेल्यात ठेवले आणि कुणी बोटे बुडवली, तर सगळे मुसळ केरात.

बैठकीत हे सांगण्यापेक्षा दाखवलेले बरे. बोलणाऱ्याने बोटांना शाई लावावी आणि पाणी भरलेल्या पातेल्यात पेला बुडवून पाणी काढावे. शाईचा धागा पाण्यात पसरताना सगळ्यांना दिसू द्यावा. मग त्याच शाईच्या हाताने शेजारच्या तोटीच्या भांड्यातून पेला भरावा आणि झाकण उघडून आतले पाणी दाखवावे.