एफडी मोडायची नाही, पण हिशोब तर करू

आमच्या जळगावच्या ऑफिसात महिन्यातून पाच-सहा जण तरी हेच म्हणतात, "एफडीत पैसा बुडत तर नाही ना भो!" बरोबर आहे, बुडत नाही. फक्त दहा वर्षांनी तेवढ्याच पैशात किराणा कमी येतो, आणि पावतीवर आकडा तोच दिसतो म्हणून कोणाच्या ध्यानात येत नाही.

समजा एक काका रिटायर झाले, 10 लाखाची एफडी केली 7 टक्क्यांनी आणि व्याज दरवर्षी काढून घेतात. वर्षाचे 70,000, म्हणजे महिन्याला साधारण 5,800. किराणा, दूध, गॅस, औषधं यात निघून जातं. आता महागाई 5 टक्के धरा (रिझर्व्ह बँकेचं टार्गेट 4 आहे आणि 2 ते 6 ची मुभा, म्हणून 5 धरलं तर फार जास्त नाही). दहा वर्षांनी याच सामानाला महिन्याला साडेनऊ हजार लागतील आणि बँकेतून येणार तेच 5,800. वर त्या 10 लाखाची किंमत आजच्या हिशोबाने 6 लाख 14 हजार.

याचं कारण असं की त्या 70,000 मधले पहिल्या वर्षाचे 50,000 खरं तर व्याज नाहीच, महागाईने मुद्दलाला जी झीज लागली तिची भरपाई आहे. मुद्दल जसंच्या तसं टिकवायचं तर ते 50,000 परत एफडीत टाकायला पाहिजे आणि खर्चायला हक्काचे फक्त 20,000. काका सगळे खर्च करतात म्हणजे दरवर्षी थोडं थोडं मुद्दलच खातात.

आणि टॅक्स? तो पूर्ण 70,000 वर लागतो, झीज वजा करून नाही. 30 टक्के स्लॅबवाल्या व्यापाऱ्याला सेस धरून 21,840 जातात, हातात राहिले 48,160, भरपाईला लागतात 50,000. म्हणजे 7 टक्क्यांची एफडी करून माणूस वर्षाला 1,840 ने मागे. काकांचं मात्र तसं नाही, नवीन टॅक्स पद्धतीत पगार-पेन्शन-व्याज मिळून 12 लाखाच्या आत उत्पन्न असेल तर 2025-26 पासून टॅक्स शून्य, त्यांना 2 टक्के तरी सुटतात. म्हणून "शेजाऱ्याला परवडली म्हणून मी केली" असं चालत नाही, तुमचा स्लॅब वेगळा. आणि मुदत संपल्यावर व्याज मिळणारी एफडी असली तरी टॅक्स साधारण दरवर्षी जमा होणाऱ्या व्याजावर भरावा लागतो, हे बरेच जण विसरतात.

कधीकधी टॅक्सशिवायच तोटा होतो. 2021 ला मोठ्या बँका एक वर्षाच्या एफडीला 5 टक्क्यांच्या आसपास देत होत्या आणि एप्रिल 2022 ला महागाई 7.79 टक्के झाली, तेव्हा कोणी काही म्हटलं नाही कारण पावतीवर तर रक्कम वाढलेलीच होती.

मग एफडी करायचीच नाही का? करायची, पण मुदत पाहून. दिवाळीनंतर कापूस विकला आणि जूनला बियाणं-खत घ्यायचंय तर त्या सहा महिन्यांत महागाई फार काही खात नाही, उलट तो पैसा शेअर बाजारात टाकला आणि मे महिन्यात बाजार पडला तर पेरणीची पंचाईत. तसंच पोरीचं लग्न दोन वर्षांवर असेल, सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवायचा असेल, तिथे एफडीच. काकांना आम्ही सांगतो की तीन वर्षांत लागणारा पैसा 1, 2 आणि 3 वर्षांच्या वेगवेगळ्या पावत्यांत ठेवा, एकच मोठी पावती केली की अडचणीला सगळीच मोडावी लागते आणि बऱ्याच बँका अर्धा ते एक टक्का दंड कापतात. सात-आठ वर्षांनी लागणारा पैसा मात्र सगळाच एफडीत नको, त्यातला काही भाग इक्विटी फंडात, आणि मधे तो वीस-तीस टक्के खाली जाऊ शकतो हे सहन होत असेल तरच. (आम्हाला फंडावर कमिशन मिळतं, एफडीवर नाही, तर आमचं बोलणं तेवढं तोलून घ्या.)

अजून एक, दर जास्त दिसतो म्हणून पळू नका. बँकेतल्या ठेवीला एका माणसामागे एका बँकेत मुद्दल-व्याज मिळून 5 लाखापर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही, आणि आपल्या खान्देशात पतसंस्थेत पैसे अडकलेली माणसं शोधायला लांब जायला नको.

येताना सगळ्या पावत्या आणि मागच्या वर्षीचं रिटर्न घेऊन या, कोणती पावती रिन्यू करायची आणि कोणती नाही ते समोर बसून पाहू, चहा आमच्याकडे.