निरोप आलाय, पण उघडत नाही

आईने नवा फोन घेतला त्या रात्रीची गोष्ट. धाकटा भाऊ दादरहून जळगावला निघाला होता. नऊ चाळीसला त्याने व्हॉट्सॲपवर आईला काहीतरी पाठवलं आणि थोड्या वेळात त्याच्या फोनची बॅटरी संपली. आईचा जुना फोन तेव्हा बंद होता. दहाच्या सुमारास नव्या फोनवर व्हॉट्सॲप सुरू झालं, तेव्हा भावाच्या नावाखाली करड्या अक्षरांत एवढंच दिसलं: "Waiting for this message. This may take a while." आईचा पहिला प्रश्न, "त्याने मला ब्लॉक केलं का रे?" दुसरा, "फोन हॅक झाला का?"

दोन्ही नाही. निरोप आईच्या फोनपर्यंत पोचला होता. फक्त त्याला लावलेल्या कुलपाची किल्ली त्या फोनकडे नव्हती.

नुसतं दाबलं की खटकन बसणारं कुलूप आठवा. लावायला किल्ली लागत नाही, उघडायला मात्र लागतेच. व्हॉट्सॲप फोनवर सुरू होतं तेव्हा फोन अशी बरीच उघडी कुलपं बनवून सर्व्हरवर ठेवतो आणि किल्ल्या स्वतःजवळ राखतो. पहिल्यांदा निरोप पाठवणारा त्यातलं एक कुलूप उचलतो, निरोप बंद करतो आणि सर्व्हरकडे देतो. सर्व्हरचं काम पोस्टमनचं. बंद डबा तो पोचवतो, पण उघडू शकत नाही. (प्रत्यक्षात ही कुलपं म्हणजे ३२ बाइटचे आकडे असतात, पण आपलं काम कुलपावर भागतं.) पुढे संभाषण सुरू झालं की दोन्ही फोन प्रत्येक निरोपासाठी नवी किल्ली तयार करतात आणि वापरलेली मोडून टाकतात. उद्या कुणी फोन हिसकावून आतल्या किल्ल्या काढल्या, तरी वाटेत साठवून ठेवलेले जुने डबे त्यांनी उघडत नाहीत. या सगळ्या व्यवस्थेचं नाव सिग्नल प्रोटोकॉल. व्हॉट्सॲपने ती २०१६च्या एप्रिलमध्ये सर्वांसाठी लागू केली.

आता आईचा फोन. भावाने नऊ चाळीसला जे कुलूप लावलं, ते जुन्या फोनचं होतं. नव्या फोनवर व्हॉट्सॲप सुरू होताच नव्या किल्ल्या घडल्या, जुन्या जुन्या फोनातच राहिल्या. बॅकअपमधून जुने निरोप आणि फोटो परत येतात, या किल्ल्या येत नाहीत. म्हणजे सर्व्हरवर थांबलेला डबा नव्या फोनच्या हाती पडला तो कायमचा बंद अवस्थेतच.

अशा वेळी फोन मुकाट्याने एक काम करतो. पाठवणाऱ्याच्या फोनला कळवतो, "तुझा डबा उघडला नाही, ही माझी नवी कुलपं, पुन्हा बंद करून पाठव." पाठवणाऱ्याच्या फोनवर मूळ निरोप असतोच. तो नव्या कुलपात घालून परत धाडला जातो आणि करडी ओळ जाऊन तिथे मजकूर येतो. हे सगळं आपोआप, बहुतेक वेळा दोन-चार सेकंदांत होतं, म्हणून ती ओळ एरवी फारशी दिसत नाही. दिसते ती पाठवणाऱ्याचा फोन बंद असेल, रेंजमध्ये नसेल किंवा त्यावर व्हॉट्सॲप झोपलेलं असेल तेव्हा. आमच्याकडे भावाने पहाटे रेल्वेच्या डब्यात चार्जिंगची जागा मिळवली, फोन चालू केला आणि सव्वासहाला आईच्या फोनवर ओळ उलगडली: "गाडी वेळेवर आहे, स्टेशनवर येऊ नका." बाबा तोवर चप्पल घालून तयार होते.

तेव्हा उपाय पहिला आणि बहुधा शेवटचाही: ज्याने पाठवलं त्याला साधा फोन करा आणि नेट चालू ठेवून व्हॉट्सॲप उघडायला सांगा. तरीही उघडलं नाही, तर दोघांनी ॲप अपडेट करा आणि तोच निरोप नव्याने पाठवायला सांगा. नवा निरोप नव्या कुलपात येतो, त्याला जुन्या किल्लीशी देणंघेणं नसतं. पाठवणाऱ्याने दरम्यान ॲप काढून टाकलं असेल किंवा तो निरोप स्वतःच्या फोनवरून पुसला असेल, तर मात्र तो गेलाच. कंपनीकडे मागून उपयोग नाही, तिच्याकडे उघडी प्रत नसते. पोचला नाही तो बंद डबासुद्धा सर्व्हर ३० दिवसच सांभाळतो.

मोबाइलच्या दुकानातल्या पोराने आईला सल्ला दिला होता, "ॲप काढून परत टाका, होईल नीट." हा सल्ला मी सगळीकडे ऐकतो आणि इथे तो नेमका उलटा पडतो. ॲप पुन्हा टाकलं की पुन्हा नव्या किल्ल्या, आणि तोवर वाटेत असलेले आणखी काही डबे बिनकिल्लीचे.

लॅपटॉपवर हीच ओळ दिसते तेव्हा कारण थोडं वेगळं असतं. फोनला जोडलेल्या प्रत्येक उपकरणाच्या किल्ल्या स्वतंत्र असतात आणि पाठवणारा एकच निरोप प्रत्येकासाठी वेगळा बंद करतो. फोनचा डबा उघडला आणि लॅपटॉपचा अडला, असं होऊ शकतं. फोनवर निरोप दिसतोय ना, मग घाई नाही. वारंवारच होत असेल, तर फोनमधल्या Linked devices मध्ये जाऊन लॅपटॉप काढा आणि पुन्हा जोडा. ग्रुपमध्ये तर गंमतच असते. तिथे प्रत्येक सदस्य आपल्या निरोपांसाठी एक सामायिक किल्ली बनवतो आणि ती प्रत्येकाला वेगवेगळी, बंद डब्यातून पोचवतो. तुमची प्रत अडली, तर बाकी सगळे हसत असतात आणि तुम्हाला करडी ओळ दिसते.

या आपोआप पुन्हा बंद करण्याला एक दुसरी बाजू आहे. समजा, आईच्या नंबरवर कुणा भामट्यानेच व्हॉट्सॲप सुरू केलं. भावाच्या फोनला फक्त नवी कुलपं दिसणार, आणि न पोचलेला निरोप तो त्यातच घालून देणार. २०१७च्या जानेवारीत 'द गार्डियन'ने याच वर्तनाला चोरदरवाजा म्हटलं होतं. अनेक सुरक्षातज्ज्ञांनी त्यावर हरकत घेतली आणि पुढे वृत्तपत्राने ती बातमी दुरुस्त केली. मलाही चोरदरवाजा हा शब्द चुकीचा वाटतो. रोज असंख्य लोक फोन बदलतात, प्रत्येक वेळी निरोप अडवून विचारत बसलं, तर लोक न वाचताच "हो" दाबतील. पण इथे सोय आधी आणि खात्री नंतर, असा क्रम निवडलेला आहे, हे खरं.

खात्री आपल्याला करता येते. Settings मध्ये Account, त्यात Security notifications, आणि तिथलं "Show security notifications on this device" चालू करा. मग समोरच्याच्या किल्ल्या बदलल्या की चॅटमध्ये सिक्युरिटी कोड बदलल्याची ओळ येते. नवा फोन घेतल्याचं माहीत असेल तर ठीक. माहीत नसेल तर पैशांचं किंवा ओटीपीचं काही लिहिण्याआधी आवाज ऐकून विचारा.

त्या सकाळी भाऊ घरी आल्यावर आम्ही तेही करून पाहिलं. आईच्या फोनवर त्याच्या नावावर टिचकी मारून Encryption उघडलं. ६० आकडे आले, पाच-पाचच्या १२ गटांत, वर क्यूआर कोड. भावाने आपल्या फोनवरून तो स्कॅन केला आणि पडद्यावर हिरवी खूण उमटली. आई म्हणाली, "एवढं करून तूच आहेस हे कळलं. मला तर दार वाजवलंस तेव्हाच कळलं होतं."