वाढती मानसिकता, स्थिर मानसिकता आणि नुसती शाबासकी

मानसशास्त्रज्ञ कॅरल ड्वेक यांनी मांडलेल्या ग्रोथ माइंडसेट आणि फिक्स्ड माइंडसेट, म्हणजे वाढती आणि स्थिर मानसिकता, या संकल्पनांमधला फरक बुद्धीविषयीच्या समजुतीचा आहे. बुद्धी जन्मतः ठरलेली असते असे मानणारा अपयशाला स्वतःविषयीचा निकाल समजतो. ती वाढवता येते असे मानणाऱ्याला तेच अपयश काय बदलायचे ते सांगते. एकच माणूस गणितात स्थिर आणि गाण्यात वाढती मानसिकता बाळगू शकतो, त्यामुळे मुलांची दोन गटांत वाटणी करणे चुकीचेच ठरते.

खरा घोटाळा होतो तो मेहनतीच्या कौतुकावरून. समजा, इंदूरमधल्या एका मराठी घरातील नववीच्या मुलाने (x − 3)² याचे उत्तर x² − 9 असे लिहिले आणि त्या प्रकारची सगळी गणिते चुकीची सोडवली. ‘आपल्या घरात गणित कुणालाच आले नाही’ हे स्थिर मानसिकतेचे बोलणे झाले. पण ‘मेहनत केलीस ना, मग झाले’ हे वाढत्या मानसिकतेचे बोलणे नव्हे, कारण त्याने चूक जिथल्या तिथेच राहते आणि मूल तीच रीत आणखी शंभर वेळा घोटते. त्याऐवजी आईने ‘x च्या जागी 5 घालून बघ’ असे सांगितले, तर डावीकडे 4 आणि उजवीकडे 16 येतात. आपली रीतच चुकली आहे हे मुलाला स्वतःला दिसते, आणि x² − 6x + 9 या बरोबर उत्तरातले मधले −6x हे पद कुठून येते हा प्रश्न तोच विचारतो. येथे मेहनतीबरोबर रीत बदलली आणि मदतही मागितली गेली.

या गैरसमजाचे मूळ बहुधा म्युलर आणि ड्वेक यांच्या 1998 मधील प्रयोगांत आहे. त्यांत हुशारीबद्दल कौतुक झालेली मुले पुढच्या कठीण प्रश्नांत अपयश आल्यावर, मेहनतीबद्दल कौतुक झालेल्या मुलांपेक्षा मागे पडली. मात्र ते कौतुक यशानंतर केलेले होते, ही बाब सहसा सांगितली जात नाही. अपयशावर फुंकर म्हणून मेहनतीची स्तुती करावी, असे त्यावरून सिद्ध होत नाही. ड्वेक यांनी स्वतःही 2015 मध्ये या गैरवापराविषयी सावध केले होते.

दुसरा गैरसमज परिणामाच्या आकाराविषयी आहे. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतील नववीच्या सुमारे 12,000 विद्यार्थ्यांच्या अभ्यासात तासाभराहूनही कमी वेळाच्या ऑनलाइन पाठाने अभ्यासात मागे असलेल्या मुलांची श्रेणी, सुमारे चारपर्यंतच्या मोजपट्टीवर, सरासरी 0.1 ने वाढली. इतक्या स्वस्त उपायाच्या मानाने हे माझ्या मते कमी नाही, पण शिकवणी वर्गांच्या जाहिरातींतील कायापालटही हा नव्हे. शिवाय ज्या शाळांत अवघड काम अंगावर घेण्याची रीत सोबत्यांमध्ये होती, तेथे हा परिणाम अधिक टिकला. वर्गात शंका विचारणाऱ्याला हसत असतील, तर −6x विषयीचा तो प्रश्न मुलगा घरी विचारील, शाळेत विचारणार नाही.