आधी पैसे की आधी माल? परदेशी पुरवठादाराच्या पेमेंटमागची गोष्ट

भोसरीतला एखादा छोटा कारखानदार चीनमधल्या निंगबोहून २०,००० डॉलरचे व्हॉल्व्ह मागवतो, तेव्हा पुरवठादारानं आधी पाठवलेल्या कच्च्या बिलाच्या, म्हणजे प्रोफॉर्मा इनव्हॉइसच्या, तळाशी बहुतेक वेळा एकच ओळ असते: ३० टक्के आगाऊ, उरलेले ७० टक्के जहाज कंपनीच्या माल चढवल्याच्या पावतीची, म्हणजे बिल ऑफ लेडिंगची, प्रत पाठवल्यावर. बँकेत एलसीची, म्हणजे ठरलेले कागद आले की बँकच पैसे देईल अशा हमीपत्राची, चौकशी केली, तर तेवढ्याच रकमेची एफडी मार्जिन म्हणून अडकवायला सांगतात. उधारीवर माल द्यायला पुरवठादार तयार नसतो. मग कारखानदार त्या ओळीवर सही करतो. ही ओळ रूढ होण्याआधी व्यापाऱ्यांनी याच प्रश्नावर बरेच उपाय करून पाहिले होते.

आपल्याकडे हुंडी, म्हणजे पैसे देण्याचा लेखी हुकूम, चालत असे; तिच्यात ‘जोखमी हुंडी’ नावाचा एक प्रकार होता. माल गलबतावर चढवून विकणारा घेणाऱ्याच्या नावे हुंडी लिही आणि ती सराफाला विकून आपले पैसे लगेच मोकळे करी. माल सुखरूप पोचला तरच हुंडीचे पैसे मिळत. गलबत बुडालं तर नुकसान हुंडी धरणाऱ्याचं. सराफ ती कमी भावानं घेई, त्यातच विम्याचा हप्ता आला. घेणाऱ्याच्या बाजूनं पाहिलं तर हा फार सोयीचा कागद होता, कारण माल बंदरात येईपर्यंत त्याच्या गाठीचा पैसा सुटत नसे. पण सराफ दोन्ही टोकांच्या माणसांना ओळखत असे, म्हणूनच हे जमायचं.

अनोळखी माणसांमधला व्यापार वाढला, तशी ओळखीची जागा बँकेच्या नावानं घेतली. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या व्यापारी पेढ्यांनी ही पद्धत जगभर पसरवली, तिलाच आपण आज एलसी म्हणतो. विकणाऱ्याला बँकेचं वचन मिळतं, आणि घेणाऱ्याला एवढी खात्री मिळते की ठरलेले कागद हाती आल्याशिवाय बँक पैसे देणार नाही. माल कसा निघेल, याची खात्री मात्र कुणीच देत नाही. याबद्दलचा गैरसमज मी आजही वरचेवर ऐकतो आणि प्रत्येक वेळी जीव तुटतो.

१९२० च्या दशकात लंडनच्या डॉसन या आयातदारानं बटाव्हियाहून, म्हणजे आजच्या जकार्ताहून, व्हॅनिलाच्या शेंगा मागवल्या. एलसीत अट घातली की मालाच्या दर्जाचं प्रमाणपत्र ‘तज्ज्ञांनी’ द्यावं, म्हणजे एकापेक्षा जास्त जणांनी. हा निरोप तारेनं, सांकेतिक शब्दांत गेला. त्या संकेतात एकवचन-अनेकवचनाचा फरक दिसत नव्हता, त्यामुळे पलीकडे तो ‘एका तज्ज्ञानं’ असा वाचला गेला. विकणारा लबाड निघाला. पेट्यांत शेंगा थोड्याच होत्या, बाकी काटक्या, दगड आणि जुनं लोखंड. बँकेनं एकाच तज्ज्ञाच्या प्रमाणपत्रावर पैसे देऊन टाकले. प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं, आणि तिथं ठरलं की जवळपास तसाच कागद चालणार नाही, अटीत जे लिहिलंय तेच हवं. बँकेला ते पैसे डॉसनकडून वसूल करता आले नाहीत.

यात डॉसन वाचला तो काटक्यांमुळे नव्हे. प्रमाणपत्रावर एक सही कमी होती म्हणून वाचला. दोन तज्ज्ञांच्या सह्या असत्या तर त्याच काटक्यांचे पैसे त्याला भरावे लागले असते.

पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय व्यापार मंडळानं १९३३ साली एलसीचे समान नियम पहिल्यांदा छापले. २००७ पासून लागू असलेली त्यांची UCP 600 ही आवृत्ती पाचव्या कलमात स्वच्छ सांगते की बँका कागदांशी व्यवहार करतात, मालाशी नाही. याला मोठा अपवाद फक्त उघड फसवणुकीचा, आणि तो ज्या गाजलेल्या खटल्यातून पुढे आला त्यात विकणारी कंपनी आपल्याच देशातली होती. तक्रारीनुसार लखनौच्या या कंपनीनं न्यूयॉर्कच्या ग्राहकाला ब्रशचे राठ केस पाठवायचे कबूल करून ५० पेट्यांत गाईचे केस आणि कचरा भरला. १९४१ मध्ये तिथल्या न्यायालयानं म्हटलं की पैसे देण्याआधीच फसवणूक बँकेच्या नजरेस आणून दिली असेल, तर कागदांच्या आडोशानं लबाड विक्रेत्याला संरक्षण देता येणार नाही. पण नुसता दर्जा कमी निघाला, तर पैसे अडवता येणार नाहीत, हेही त्याच निकालात आहे.

भारतात छोटा आयातदार मोठ्या संख्येनं दिसू लागला तो बराच नंतर. १ एप्रिल २००१ ला आयातीवरचे उरलेसुरले संख्यात्मक निर्बंध उठले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात चीन जागतिक व्यापार संघटनेत आला. दहा-वीस हजार डॉलरच्या ऑर्डरी सुरू झाल्या. एवढ्याशा रकमेला एलसीचं कमिशन, बँकांच्या स्विफ्ट संदेशांचा खर्च आणि कागदात चूक निघाली की लागणारा दंड परवडेना, म्हणून ३०-७० रुळलं.

आता भोसरीच्या व्यवहारात जोखीम कुठे बसते ते बघू. पहिले ६,००० डॉलर पूर्ण उघडे आहेत. पुरवठादार गायब झाला तर ते गेले, शिवाय आयात पेमेंटवर नजर ठेवणाऱ्या बँकेच्या आयडीपीएमएस प्रणालीत ते पेमेंट बिल ऑफ एंट्रीची, म्हणजे माल आल्याच्या कस्टम्सच्या कागदाची, वाट पाहत उघडं राहतं आणि खुलासा आयातदारालाच करावा लागतो. पण खरी अडचण १४,००० डॉलरपाशी येते. बिल ऑफ लेडिंगची प्रत ईमेलवर येते, तेव्हा कंटेनर जहाजावर चढलेला असतो. आत व्हॉल्व्ह आहेत की भंगार, हे त्या कागदावरून कळत नाही, कारण जहाज कंपनी सीलबंद कंटेनर उघडून बघत नाही. पैसे भरले नाहीत तर मूळ कागद मिळत नाहीत, माल सुटत नाही. म्हणून तपासणीची जागा त्याच्या आधीची: माल तयार झाल्यावर, कंटेनर भरण्यापूर्वी. स्वतंत्र एजन्सीचा माणूस कारखान्यात जाऊन नगांची मोजणी करील, काही व्हॉल्व्हना पाण्याचा दाब देऊन गळती बघील, आणि त्याचा अहवाल थेट आयातदाराला मिळेल, ही अट प्रोफॉर्मावरच लिहून घ्यावी. एलसी काढली, तर हेच प्रमाणपत्र एजन्सीचं नाव घालून, लागणारे कागद जिथं लिहितात त्या `46A` या रकान्यात मागावं. ‘तपासणी प्रमाणपत्र’ एवढंच लिहिलं, तर पुरवठादारानं स्वतःच्या लेटरहेडवर दिलेलं प्रमाणपत्रही चालून जाईल.

दुसरा धोका पैसे पाठवताना असतो. ‘आमच्या खात्याचं ऑडिट चालू आहे, उरलेली रक्कम या नव्या खात्यात भरा’ असा ईमेल पुरवठादाराच्याच पत्त्यावरून, किंवा त्यात एखादंच अक्षर बदललेल्या पत्त्यावरून येतो. खातेदाराचं नाव इनव्हॉइसवरच्या नावाशी जुळत नसेल किंवा बँक तिसऱ्याच देशातली असेल, तर पैसे थांबवावेत आणि पहिल्यापासून जवळ असलेल्या नंबरवर फोन करावा. ईमेलमध्ये दिलेल्या नंबरवर करू नये.

उधारीवर, म्हणजे ओपन अकाउंटवर, माल मिळू लागतो तो चार-पाच ऑर्डरी नीट पार पडल्यावर. चिनी पुरवठादार बहुधा तिथल्या सरकारी निर्यात विमा कंपनीकडून, सायनोशुअरकडून, आपल्या नावावर मर्यादा मंजूर करून घेतो. मालाची जोखीम तेव्हा जवळपास पूर्ण त्याच्याकडे जाते, आपल्याकडे उरते ती डॉलरच्या भावाची. ६० दिवसांत डॉलर दोन रुपयांनी चढला, तर २०,००० डॉलरवर ४०,००० रुपये जास्त जातात, आणि तोवर व्हॉल्व्ह जुन्या भावानं विकले गेलेले असतात.