प्राचलयुक्त घातांकी समीकरणे : दोन भिन्न वास्तव मुळांची अट

ज्या समीकरणात चल घातांकाच्या जागी असते आणि सहगुणकात किंवा पायात एखादे अक्षर मोकळे ठेवलेले असते, ते प्राचलयुक्त घातांकी समीकरण. या मोकळ्या अक्षराला प्राचल म्हणतात. प्राचलाची किंमत बदलली की मुळांची संख्याही बदलू शकते. म्हणून येथे मुळे काढण्यापेक्षा, प्राचलाच्या कोणत्या किमतींना नेमकी दोन भिन्न वास्तव मुळे मिळतात, हा प्रश्न अधिक विचारला जातो. अभियांत्रिकी प्रवेश परीक्षांची तयारी करणाऱ्यांना तो चांगलाच परिचित असतो.

या प्रकारातील बहुतेक समीकरणे वर्गसमीकरणाचे रूप घेतात. पुढील समीकरण पाहू :

4^x − m·2^x + m + 3 = 0

4^x म्हणजे 2^x चा वर्ग. त्यामुळे 2^x = t मानल्यास t² − mt + m + 3 = 0 हे वर्गसमीकरण मिळते. शाळेतल्या सवयीने हात लगेच विवेचकाकडे जातो. विवेचक m² − 4m − 12 म्हणजे (m − 6)(m + 2) आहे आणि तो धन असण्यासाठी m < −2 किंवा m > 6 हवे. पुष्कळ उत्तरपत्रिका येथेच थांबतात, आणि उत्तर चुकते.

m = −2.5 घेऊन पाहावे. विवेचक धन आहे, पण t च्या दोन्ही किमती ऋण येतात, कारण त्यांची बेरीज −2.5 आणि गुणाकार 0.5 आहे. 2 चा कोणताही वास्तव घात ऋण नसतो, म्हणून x ची एकही वास्तव किंमत मिळत नाही. m = −4 घेतले तर t = −2 ± √5. यांपैकी फक्त √5 − 2 धन आहे, म्हणून x चे मूळ एकच. विवेचक t च्या मुळांबद्दल बोलतो, x च्या नाही.

2^x हे फल सतत वाढत जाते आणि प्रत्येक धन किंमत एकदाच घेते. म्हणून t च्या प्रत्येक धन मुळामागे x चे एकच मूळ असते, आणि शून्य किंवा ऋण मुळामागे एकही नसते. आपल्याला t ची दोन भिन्न धन मुळे हवी आहेत. त्यासाठी विवेचक धन, मुळांची बेरीज m धन आणि गुणाकार m + 3 धन, अशा तिन्ही अटी एकाच वेळी पाळाव्या लागतात. त्यांतून उरते ते m > 6. पडताळ्यासाठी m = 7 घ्यावे. t² − 7t + 10 = 0 ची मुळे 2 आणि 5 आहेत, म्हणून x = 1 आणि x = log₂5, म्हणजे सुमारे 2.32. बरोबर m = 6 ला t = 3 हे दुहेरी मूळ येते आणि x चे मूळ एकच राहते. म्हणून 6 ही किंमत उत्तरात धरायची नाही.

हेच उत्तर दुसऱ्या वाटेनेही मिळते, आणि ही वाट जास्त सांगून जाते. समीकरणातून m वेगळा काढायचा. t = 1 ठेवल्यास डावी बाजू नेहमी 4 येते, म्हणजे 1 हे मूळ कधीच नसते. त्यामुळे t − 1 ने भागायला हरकत नाही :

m = (t² + 3)/(t − 1) = (t − 1) + 4/(t − 1) + 2

आता t > 0 साठी उजव्या बाजूचा आलेख काढायचा आणि त्याला m उंचीची आडवी रेषा किती ठिकाणी छेदते ते मोजायचे. t जर 1 पेक्षा मोठा असेल, तर t − 1 आणि 4/(t − 1) या दोन धन संख्यांचा गुणाकार 4 आहे, म्हणून त्यांची बेरीज 4 पेक्षा कमी होत नाही. त्यामुळे उजव्या बाजूची लहानात लहान किंमत 6, आणि ती t = 3 ला येते. तिच्या दोन्ही बाजूंना आलेख वर चढत जातो. t जर 0 आणि 1 यांच्या दरम्यान असेल, तर किंमत −3 च्या खालून सुरू होऊन उतरतच जाते. चित्र पुरे झाले. m > 6 ला दोन मुळे, m = 6 ला एक, −3 पासून 6 च्या आतपर्यंत एकही नाही आणि m < −3 ला पुन्हा एक. अटींची पद्धत फक्त विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देते, तर आलेख m च्या सर्व किमतींचा हिशेब एकदम मांडतो. प्राचल सहज सुटा होत असेल तर आधी ही रीत वापरावी.

या प्रश्नाला अनेकदा शेपूट जोडलेले असते : दोन मुळांची बेरीज 3 असेल तर m किती? t च्या मुळांचा गुणाकार 2^(x₁ + x₂) इतका असतो, म्हणून m + 3 = 8 आणि m = 5, असे उत्तर घाईने लिहिले जाते. पण m = 5 ला विवेचकच ऋण आहे आणि वास्तव मुळे नाहीतच. अशी किंमत अस्तित्वात नाही, हेच खरे उत्तर.

आता घातांकात किरकोळ वाटणारा बदल करून x च्या जागी x² लिहू :

4^(x²) − m·2^(x²) + m + 3 = 0

t चे वर्गसमीकरण तेच राहते, पण आता t = 2^(x²) आहे आणि त्याची किंमत 1 पेक्षा कमी होऊ शकत नाही. 1 पेक्षा मोठ्या प्रत्येक t मागे x ची दोन मुळे असतात, एक धन आणि एक ऋण. m > 6 असताना t च्या दोन्ही किमती 1 पेक्षा मोठ्या असल्याने x ची चार मुळे होतात. m < −3 असताना t चे धन मूळ 1 पेक्षा लहान पडते, म्हणून एकही मूळ मिळत नाही. नेमकी दोन मुळे फक्त m = 6 ला मिळतात, ती म्हणजे ±√(log₂3). मघाशी वगळलेली किंमत येथे एकमेव उत्तर ठरते. म्हणून t च्या कोणत्या किमती चालतात आणि प्रत्येकीमागे x किती, हे वर्गसमीकरण सोडवण्याआधीच लिहून ठेवावे.

प्राचल पायात आले की वर्गसमीकरणाचा आधार सुटतो. a^x = x हे त्याचे सर्वांत देखणे उदाहरण. a = √2 घेतल्यास 2 आणि 4 ही दोन्ही मुळे तोंडी पडताळता येतात, आणि त्यांच्यामागे 2⁴ = 4² ही समता आहे. असमान धन पूर्णांकांत x^y = y^x साधणारी हीच एक जोडी आहे, हे डॅनिएल बर्नुली यांनी 1728 मध्ये गोल्डबाख यांना पत्राने कळवले होते. येथेही प्राचल सुटे करता येते. दोन्ही बाजूंचे नैसर्गिक लॉगरिदम घेतल्यास ln a = (ln x)/x. उजवी बाजू x = e पर्यंत वाढते, तेथे 1/e ही कमाल किंमत गाठते आणि मग शून्याकडे उतरते, पण शून्य होत नाही. म्हणून दोन भिन्न मुळे 1 < a < e^(1/e) असतानाच मिळतात. ही वरची मर्यादा सुमारे 1.4447 आहे. a जर 0 आणि 1 यांच्या दरम्यान किंवा बरोबर 1 असेल, तर मूळ एकच.

हाताने काढलेल्या आलेखावर या मर्यादेजवळ विसंबू नये. a = 1.44 ला y = a^x हा वक्र y = x या रेषेच्या खाली जातो खरा, पण जास्तीत जास्त 0.024 इतकाच, आणि मुळे दोन असतात. a = 1.45 ला तो रेषेच्या कमीत कमी सुमारे 0.027 वरून जातो आणि एकही मूळ उरत नाही. वहीतल्या रेघेच्या जाडीत हे दोन्ही वक्र रेषेला टेकल्यासारखेच दिसतात.