वर्तणूक नियमांतील हितसंबंध, भेटवस्तू आणि बाहेरील काम यांविषयीची कलमे

नोकरदाराच्या खासगी फायद्याची त्याच्या कामातील निर्णयाशी गाठ पडू नये, पडलीच तर ती लपून राहू नये, यासाठी वर्तणूक नियमांत घातलेली कलमे. भारतात त्यांचा सर्वांत तपशीलवार नमुना केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ यांत सापडतो. त्यांतील नियम ४ हितसंबंधांविषयी, नियम १३ भेटवस्तूंविषयी आणि नियम १५ खासगी धंदा व नोकरीविषयी आहे. महाराष्ट्र शासनाच्या कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ आणि भारतीय प्रशासकीय सेवेसारख्या अखिल भारतीय सेवांना १९६८ चे स्वतंत्र नियम लागू होतात. या सर्वांची घडण बरीचशी सारखी असली, तरी रकमा व नियमक्रमांक वेगळे असल्याने एकातला आकडा दुसऱ्यात वापरू नये. पुढील विवेचन केंद्रीय नियमांचे आहे.

ही कलमे वाचताना एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी लागते. बहुतेक ठिकाणी ती अप्रामाणिकपणाला शिक्षा करत नाहीत. अप्रामाणिक होण्याची संधी जिथे निर्माण होते तिथून कर्मचाऱ्याला बाजूला व्हायला सांगतात. त्यामुळे ‘मी काही चुकीचे केले नाही’ हे उत्तर चौकशीत अनेकदा खरे असते आणि तरीही उपयोगाचे नसते.

नियम ४ चा तिसरा पोटनियम याचे उत्तम उदाहरण आहे. ज्या कंपनीत किंवा ज्या व्यक्तीकडे कर्मचाऱ्याच्या कुटुंबातील कोणी नोकरीस असेल, तिचे कोणतेही प्रकरण त्याने हाताळू नये, तिला कंत्राट देऊ किंवा मंजूर करू नये. त्या कामात त्याचा किंवा कुटुंबीयाचा अन्य कोणत्याही प्रकारे हितसंबंध असला तरीही हेच लागू होते. असे प्रत्येक प्रकरण वरिष्ठाकडे सोपवावे आणि वरिष्ठ सांगेल त्याप्रमाणे त्याचा निकाल लागावा, इतकी साधी ही तरतूद आहे. ती मोडते कशी, हे एका कल्पित प्रसंगावरून पाहता येईल.

समजा, पुण्यातील एका केंद्रीय कार्यालयात गट ब मधील एक कनिष्ठ अभियंता इमारत दुरुस्तीची कामे पाहतो. त्याची पत्नी एका कंत्राटदाराच्या कार्यालयात हिशेबनीस म्हणून लागली. सहा महिन्यांनी त्याच कंत्राटदाराला गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे काम मिळाले. निविदेशी या अभियंत्याचा संबंध नव्हता. त्याच्याकडे आले ते फक्त मोजमाप, म्हणजे टेप लावून चौरस मीटर काढणे आणि मोजमाप पुस्तिकेत नोंद करून सही करणे. त्याने मोजमाप काटेकोर केले आणि उलट दोन ठिकाणी कंत्राटदाराचा दावा कमीही केला. तरीही नियम दोनदा मोडला. पत्नीच्या नोकरीची माहिती मिळताच ती कळवणे आणि त्या कंपनीशी आपला कामाचा संबंध आहे किंवा होता काय हे सांगणे, हे नियम ४ च्या दुसऱ्या पोटनियमाप्रमाणे त्याचे कर्तव्य होते. ते त्याने केले नाही. नंतर काम हातात आले तेव्हा त्याने ते वरिष्ठाकडे सोपवले नाही. मोजमाप बरोबर होते, हा मुद्दा फार तर शिक्षा ठरवताना विचारात येईल.

अशा वेळी ‘साहेबांना बोललो होतो’ हे वाक्य हमखास ऐकू येते. कार्यकारी अभियंत्याला चहाच्या टेबलावर सांगितलेली गोष्ट कार्यालयाच्या स्मरणात राहत नाही. तो अभियंता बदलून जातो आणि नव्याच्या हाती फक्त फाइल येते. म्हणून करायचे ते एवढेच: पत्नीचे पद, कंपनीचे नाव, रुजू झाल्याची तारीख आणि आपल्याकडील संबंधित काम यांचा उल्लेख असलेले एका पानाचे पत्र द्यावे, आवक क्रमांकासह त्याची पोच घ्यावी, आणि मोजमाप दुसऱ्या अभियंत्याकडे दिल्याचा लेखी आदेश येईपर्यंत पुस्तिकेला हात लावू नये. दक्षता शाखा पुढे प्रकरण तपासते तेव्हा ती प्रथम दोन तारखा शेजारी ठेवते, पत्राची आणि पहिल्या सहीची. पत्र नंतरचे निघाले, तर ते खुलासा ठरते. पूर्वसूचना ठरत नाही.

इथे ‘कुटुंब’ या शब्दाची व्याख्या कळीची आहे आणि ती लोकांच्या समजुतीपेक्षा बरीच अरुंद आहे. नियम २ नुसार कुटुंबात पती किंवा पत्नी येते, मग ती सोबत राहत असो वा नसो, फक्त न्यायालयाच्या आदेशाने विभक्त झालेली नसावी. मुलगा, मुलगी आणि रक्ताचे किंवा लग्नाचे इतर नातेवाईक मात्र कर्मचाऱ्यावर पूर्णपणे अवलंबून असतील तरच येतात. म्हणजे स्वतः कमावणारा भाऊ, मेहुणा किंवा मुलगाही या व्याख्येबाहेर राहतो. गट अ च्या अधिकाऱ्यांसाठी मुलामुलींच्या नोकरीबाबत पूर्वपरवानगीची वेगळी अट आहे, पण ती सर्वांना लागू नाही. ही फट काही प्रमाणात नोव्हेंबर २०१४ मधील दुरुस्तीने बुजली. तेव्हा नियम ३ मध्ये नव्या जबाबदाऱ्या घातल्या गेल्या: सार्वजनिक कर्तव्याशी संबंधित खासगी हितसंबंध जाहीर करणे, उद्भवलेला संघर्ष सार्वजनिक हित राखून सोडवणे, आणि स्वतःच्या, कुटुंबाच्या किंवा मित्रांच्या आर्थिक फायद्यासाठी निर्णय न घेणे. ‘मित्र’ हा शब्द तिथे मुद्दाम आला आहे. मेहुण्याच्या कंपनीचे बिल नियम ४ च्या तांत्रिक कक्षेत बसले नाही, तरी ते जाहीर करणे नियम ३ खाली बंधनकारक ठरू शकते.

भेटवस्तूंच्या बाबतीत गोंधळ होतो तो आकड्यांमुळे. नियम १३ चा मूळ आदेश असा की, नियमांत सांगितलेल्या अपवादांखेरीज कर्मचाऱ्याने स्वतः भेट घेऊ नये आणि कुटुंबीयाला किंवा आपल्या वतीने वागणाऱ्या कोणालाही घेऊ देऊ नये. फुकट प्रवास, राहणे, जेवण किंवा अन्य कोणताही आर्थिक लाभ हीदेखील भेटच होय. मात्र अधूनमधून मिळालेले साधे जेवण, वाटेत दिलेली लिफ्ट किंवा तत्सम पाहुणचार तीत मोजला जात नाही. त्याच वेळी ज्यांच्याशी कामाचा संबंध आहे त्यांच्याकडील उंची किंवा वारंवारचा पाहुणचार टाळावा असेही नियम सांगतो. लग्न, वाढदिवस किंवा धार्मिक कार्य अशा प्रसंगी जवळच्या नातेवाइकांनी रिवाजाप्रमाणे दिलेला अहेर घेता येतो. तो गट अ साठी २५,०००, गट ब साठी १५,००० आणि गट क साठी ७,५०० रुपयांहून अधिक किमतीचा असेल, तर तेवढे शासनाला कळवावे लागते. इथे मंजुरी मागायची नाही, फक्त कळवायचे आहे.

याखेरीज इतर सर्व भेटींसाठी वेगळी मर्यादा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर गट अ व ब साठी ५,००० आणि गट क साठी २,००० रुपयांपेक्षा अधिक किमतीची भेट मंजुरीवाचून घेता येत नाही. या ओळीचा उलटा अर्थ काढला जातो आणि तोच घातक ठरतो: ५,००० च्या आतले सगळे चालते. दिवाळीच्या आधल्या आठवड्यात कंत्राटदाराचा माणूस घरी काजू-बदामाचा डबा आणि चांदीचे नाणे ठेवून जातो, डब्यावर ‘शुभेच्छा’ एवढेच छापलेले असते, आणि घरच्यांना वाटते की दोन-अडीच हजारांचीच तर गोष्ट आहे. वर्तणूक नियमांतील मर्यादा कदाचित ओलांडली गेली नसेल. पण भ्रष्टाचार प्रतिबंध अधिनियम, १९८८ च्या कलम ११ मध्ये असा कोणताही किमान आकडा नाही. ज्याच्याशी आपले शासकीय कामकाज झाले आहे, चालू आहे किंवा होण्याचा संभव आहे, अशा व्यक्तीकडून मोबदल्याशिवाय अनुचित लाभ घेणे हाच तिथे गुन्हा आहे आणि त्याला सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्यामुळे भेट तपासताना आधी देणाऱ्याची फाइल आपल्या टेबलावर आहे का हे पाहावे आणि किमतीकडे मग वळावे. डबा परत पाठवायचा, तर तोही चिठ्ठी जोडून पाठवावा आणि कार्यालयात कळवावे, कारण डबा नुसताच परत केला, तर तो परत केल्याचा पुरावा उरत नाही.

बाहेरील कामाविषयीचा नियम १५ अधिक सुटसुटीत आहे. पूर्वपरवानगीशिवाय धंदा करणे, दुसऱ्या नोकरीसाठी बोलणी करणे किंवा ती पत्करणे आणि कोणत्याही संस्थेत निवडून येण्याचे पद भूषवणे मना आहे. ‘बोलणी’ हा शब्द दुर्लक्षिला जातो; राजीनामा देण्यापूर्वी पुरवठादार कंपनीशी चाललेली पगाराची चर्चाही त्यात येते. हाउसिंग सोसायटीच्या समितीवर बिनविरोध आलेले अनेक कर्मचारी ते निवडून येण्याचे पद आहे हे लक्षातच घेत नाहीत. विमा एजन्सी पत्नीच्या नावावर आणि गिऱ्हाईक साहेबांच्या ओळखीचे, हा तर कार्यालयांतला जुनाच परिपाठ. कुटुंबीयाच्या एजन्सीसाठी अशी खटपट करणे नियमाने स्पष्टपणे नियमभंग ठरवले आहे आणि कुटुंबीयाचा धंदा किंवा एजन्सी असल्यास तेवढे कळवणेही आवश्यक आहे.

उलट, मानधन न घेता केलेले सामाजिक काम, प्रसंगोपात साहित्यिक, कलाविषयक किंवा शास्त्रीय लेखन आणि हौशी खेळ यांना परवानगी लागत नाही, मात्र शासनाने थांबवायला सांगितले तर थांबावे लागते. दिवाळी अंकातील एखादी कथा यात सहज बसते. संध्याकाळचे नियमित क्लासेस बसत नाहीत, आणि खासगी किंवा सार्वजनिक संस्थेसाठी केलेल्या कामाची फी घ्यायची तर विहित प्राधिकाऱ्याची मंजुरी वेगळी लागते. ज्याला कायद्याने धंदा करण्यास मनाई आहे अशा लोकसेवकाने धंदा करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २०२ खाली गुन्हाही आहे.

नियमभंगाची कारवाई १९६५ च्या वर्गीकरण, नियंत्रण व अपील नियमांनुसार होते. शिक्षा ठपक्यापासून वेतनवाढ रोखणे, पदावनती ते बडतर्फीपर्यंत जाते. विभागीय चौकशीत फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा लागत नाही. उपलब्ध गोष्टींवरून आरोप अधिक संभाव्य दिसणे पुरते. मात्र शासकीय कामासाठी लाच घेतल्याचे चौकशीत सिद्ध झाले, तर सामान्यतः सेवेतून काढणे किंवा बडतर्फी हीच शिक्षा देणे नियमाने सांगितले आहे. वरच्या उदाहरणातील अभियंत्यावर तसा आरोप नाही. त्याच्या दोषारोपपत्रात न दिलेली माहिती आणि न सोपवलेले काम एवढेच दोन मुद्दे राहतील.